दोन काड्या आणि एक क्षेत्रफळ

बांबूच्या दोन सरळ काड्या घ्या. एक ५० सेंटिमीटर लांब, दुसरी ४८ सेंटिमीटर. लांब काडी उभी धरा. आखूड काडी तिच्यावर आडवी ठेवा. ती उभ्या काडीशी काटकोन करेल आणि आडव्या काडीचा बरोबर मध्य उभ्या काडीवर येईल, अशी ती बांधा. आता चारही टोकांवरून दोरा ताणून घेतला की चौकोन तयार होतो. एवढे करताना एकच गोष्ट आपल्या मर्जीवर राहिली, ती म्हणजे आडवी काडी किती उंचीवर बांधायची. वरच्या टोकापासून १८ सेंटिमीटरवर बांधली, तर वर बसका आणि खाली निमुळता असा ओळखीचा पतंगाचा आकार मिळतो. बरोबर मधोमध, म्हणजे २५ सेंटिमीटरवर बांधली, तर चारही बाजू सारख्या होतात आणि समभुज चौकोन मिळतो.

या दोन सांगाड्यांपैकी कोणावर जास्त कागद चिकटवावा लागेल? पतंग खाली लांब पसरलेला असल्यामुळे तो मोठा वाटतो. काहींना वाटते की समभुज चौकोन सगळीकडे सारखा भरलेला असतो, म्हणून तोच मोठा असणार. प्रत्यक्षात दोघांनाही तेवढाच कागद लागतो: १२०० चौरस सेंटिमीटर, ना एक कमी ना एक जास्त. हे असे का होते, ते नीट पाहिले म्हणजे या दोन आकृत्यांत काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे, हेही आपोआप उलगडते.

आधी १८ सेंटिमीटरवर बांधलेला पतंग पाहू. उभी काडी आणि आडवी काडी हे या चौकोनाचे दोन कर्ण, कारण त्या समोरासमोरचे शिरोबिंदू जोडतात. दोन काड्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथून वर १८ सेंटिमीटर आणि खाली ३२ सेंटिमीटर उभी काडी आहे. डावीकडे २४ आणि उजवीकडे २४ सेंटिमीटर आडवी काडी आहे. छेदनबिंदूभोवती चार काटकोन त्रिकोण तयार झाले. वरच्या दोन त्रिकोणांत काटकोनाच्या बाजू १८ आणि २४ आहेत. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्णाचा वर्ग ३२४ अधिक ५७६, म्हणजे ९०० येतो, म्हणून पतंगाच्या वरच्या दोन्ही बाजू प्रत्येकी ३० सेंटिमीटर. खालच्या दोन त्रिकोणांत ३२ आणि २४ या बाजू आहेत. १०२४ अधिक ५७६ म्हणजे १६००, म्हणून खालच्या दोन्ही बाजू ४० सेंटिमीटर. लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या, ३०-३० आणि ४०-४०. अशा चौकोनाला भूमितीत पतंग म्हणतात. समांतरभुज चौकोनात सारख्या बाजू समोरासमोर असतात. पतंगात त्या शेजारी-शेजारी असतात, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

उभ्या काडीने पतंगाचे डावा आणि उजवा असे दोन त्रिकोण केले. दोघांच्याही बाजू ३०, ४० आणि ५० सेंटिमीटर आहेत. तिन्ही बाजू सारख्या असल्याने बाबाबा कसोटीनुसार हे दोन त्रिकोण एकरूप आहेत. पतंगाचे बहुतेक गुणधर्म या एका एकरूपतेतूनच निघतात. उभ्या काडीवर कागद दुमडला तर डावी बाजू उजवीवर तंतोतंत बसते, म्हणजे उभा कर्ण हा सममिती अक्ष आहे. त्यामुळे डावीकडचा आणि उजवीकडचा कोन समान असतो. वरचा कोन आणि खालचा कोन मात्र उभ्या कर्णाने दुभागला जातो. आणि डावे टोक उजव्या टोकावर पडत असल्याने उभा कर्ण हा आडव्या कर्णाचा लंबदुभाजक असतो.

आता उलट बाजूने विचारू: आडवा कर्ण उभ्याला दुभागतो का? आपल्या पतंगात नाही. त्याने उभ्या काडीचे १८ आणि ३२ असे असमान तुकडे केले आहेत. आडव्या काडीवर कागद दुमडला तर वरचा बसका भाग खालच्या निमुळत्या भागावर बसत नाही. म्हणून वरचा कोन आणि खालचा कोनही सारखे नाहीत. वरचा साधारण १०६ अंशांचा आहे, खालचा साधारण ७४ अंशांचा.

समभुज चौकोनाकडे येऊ. त्याच्या चारही बाजू समान असतात, म्हणजे लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असण्याची अट तोही पूर्ण करतो. त्यामुळे पतंगाचे सगळे गुणधर्म त्याला लागू होतात, फक्त दोनदा लागू होतात: एकदा उभ्या कर्णाभोवती आणि एकदा आडव्या कर्णाभोवती. दोन्ही कर्ण सममिती अक्ष, दोन्ही कर्ण एकमेकांचे लंबदुभाजक, चारही कोन कर्णांनी दुभागलेले आणि समोरासमोरच्या कोनांच्या दोन्ही जोड्या समान. यातून पुढे संमुख भुजा समांतरही होतात. समभुज नसलेल्या पतंगात त्या कधीच समांतर नसतात. म्हणून प्रत्येक समभुज चौकोन हा पतंग असतो, पण प्रत्येक पतंग समभुज चौकोन नसतो. आपल्या काड्यांच्या भाषेत, आडवी काडी सरकत-सरकत अगदी मध्यावर आली की पतंगाचा समभुज चौकोन होतो.

आता क्षेत्रफळ. उभ्या काडीने झालेल्या दोन त्रिकोणांपैकी प्रत्येकाचा पाया उभी काडीच आहे, म्हणजे ५० सेंटिमीटर. त्या पायावरची उंची म्हणजे आडव्या काडीचा अर्धा भाग, २४ सेंटिमीटर. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ निम्मे ५० गुणिले २४, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर. दोन त्रिकोण मिळून १२००. दोन उंची एकत्र केल्या की पूर्ण आडवी काडी होते, म्हणून सूत्र असे लिहिता येते:

पतंगाचे क्षेत्रफळ = १/२ × एका कर्णाची लांबी × दुसऱ्या कर्णाची लांबी

५० गुणिले ४८ म्हणजे २४००. त्याचे निम्मे १२००. आता या मांडणीत १८ आणि ३२ हे आकडे कुठे आले, ते शोधून पाहा. ते आलेच नाहीत. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला पूर्ण पाया लागतो, आणि पाया ५० च आहे. उंची त्या पायावर कुठे टेकली, वर टेकली की मधोमध, याचा क्षेत्रफळाशी संबंध नाही. समभुज चौकोनाची मांडणी अक्षरशः हीच होते, म्हणून उत्तरही तेच येते. शाळेच्या पुस्तकात समभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचे जे सूत्र असते, ते खरे तर त्याचे एकट्याचे नाही.

हेच कागदावर डोळ्यांनी पडताळून पाहता येते. ४८ रुंद आणि ५० उंच असा आयताकृती कागद घ्या. त्यावर वरपासून १८ सेंटिमीटरवर आडवी रेघ आणि मधोमध उभी रेघ काढा. आयताचे चार लहान आयत होतील. पतंगाची प्रत्येक बाजू एकेका लहान आयताचा कर्ण आहे, आणि आयताचा कर्ण त्याचे बरोबर दोन सारखे भाग करतो. म्हणजे चारही आयतांतला निम्मा कागद पतंगात जातो आणि निम्मा कोपऱ्यांत उरतो. कोपऱ्यांचे चार तुकडे कापून घ्या; वरचे दोन वर, खालचे दोन खाली, त्यांचे काटकोन मधल्या बिंदूपाशी आणून नीट जुळवा. त्यांतून अगदी तसाच दुसरा पतंग तयार होतो. आडवी रेघ १८ ऐवजी २५ वर किंवा १० वर काढली तरी हे घडते.

१० सेंटिमीटरचा प्रकार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. उभ्या काडीच्या वरून एक पंचमांश अंतरावर आडवी काडी आली, म्हणजे तुकडे १० आणि ४०. वरच्या बाजू आता प्रत्येकी २६ सेंटिमीटर होतात आणि खालच्या सुमारे ४६.६ सेंटिमीटर. क्षेत्रफळ १२०० च राहते, परिमिती मात्र बदलते. समभुज चौकोनाची प्रत्येक बाजू सुमारे ३४.७ सेंटिमीटर, म्हणून परिमिती साधारण १३८.६. १८ वर बांधलेल्या पतंगाची परिमिती बरोबर १४०. १० वर बांधलेल्याची साधारण १४५.३. काडी मध्यापासून जितकी दूर, तितका कडेचा दोरा जास्त लागतो, आणि कागद तेवढाच राहतो. या सगळ्या पतंगांत समभुज चौकोन हा सर्वांत कमी परिमितीचा. म्हणजे काड्या तशाच ठेवून आकार बदलला तर कडा लांब-आखूड होतात, क्षेत्रफळ हलत नाही.

याच्या उलट केले तर काय होते? बाजू पक्क्या ठेवल्या आणि कर्ण मोकळे सोडले तर? हा प्रश्न भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये घेतला आहे. इ.स. ११५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे, त्यामुळे महाराष्ट्राला हे नाव घरचे आहे. लीलावतीत एक उदाहरण असे आहे की, ज्याची प्रत्येक बाजू २५ आहे असा चौकोन घ्या आणि त्याचे कर्ण व क्षेत्रफळ सांगा.

बाजू चारही दिलेल्या आहेत, म्हणजे आकृती ठरली असे वाटते. पण चार काड्यांची टोके खिळ्यांनी जोडून चौकट केली, तर ती डावी-उजवीकडे कलते, हे हातात घेतल्यावर लगेच कळते. त्रिकोण कलत नाही, चौकोन कलतो. म्हणून भास्कराचार्य एक कर्ण स्वतः गृहीत धरतात. समभुज चौकोनात कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, त्यामुळे दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज बाजूच्या वर्गाच्या चौपट असते. इथे ती ६२५ ची चौपट, म्हणजे २५००. एक कर्ण ३० घेतला तर त्याचा वर्ग ९००. उरलेल्या १६०० चे वर्गमूळ ४०. कर्ण ३० आणि ४०, क्षेत्रफळ निम्मे १२००, म्हणजे ६००. एक कर्ण १४ घेतला तर १९६ वजा होऊन २३०४ उरतात, त्याचे वर्गमूळ ४८. कर्ण १४ आणि ४८, क्षेत्रफळ ३३६. आणि दोन्ही कर्ण समान घेतले तर आकृतीचा चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५.

बाजू त्याच, परिमिती तीच १००, आणि क्षेत्रफळे ६२५, ६०० आणि ३३६. कर्ण किंवा लंब यांपैकी काहीच न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी कडक शब्दांत पिशाच म्हटले आहे. शब्द कठोर आहे, पण मुद्दा अचूक आहे: चौकोनाच्या बाजू त्याचे क्षेत्रफळ ठरवत नाहीत. ज्या चौकोनांचे कर्ण काटकोनात असतात, त्यांचे क्षेत्रफळ कर्ण ठरवतात.

पतंगाच्या बाबतीत यात आणखी एक वळण आहे. आपल्या पतंगाच्या बाजू ३०, ३०, ४०, ४० होत्या आणि आडवा कर्ण ४८. आता समजा कोणी एवढीच माहिती दिली आणि क्षेत्रफळ विचारले. वरच्या टोकापासून आडव्या रेषेचे अंतर १८ येते, खालच्या टोकापासून ३२. ही दोन टोके आडव्या रेषेच्या दोन बाजूंना असतील तर उभा कर्ण ५० आणि क्षेत्रफळ १२००. पण ३० बाजूंचे टोक रेषेच्या खालच्या बाजूलाही असू शकते, म्हणजे ३२ सेंटिमीटर खोल असलेल्या टोकाच्या दिशेनेच ते आत वळलेले. मग आकृती बाणाच्या पात्यासारखी दिसते, तिचा एक कोन १८० अंशांपेक्षा मोठा होतो आणि आडवा कर्ण आकृतीच्या बाहेर पडतो. लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या अजूनही समान आहेत. आता उभा कर्ण ३२ वजा १८, म्हणजे १४.

या आकृतीचे क्षेत्रफळ सरळ मोजू. मोठा त्रिकोण ४८ पायाचा आणि ३२ उंचीचा, क्षेत्रफळ ७६८. त्यातून कापून टाकलेला त्रिकोण ४८ पायाचा आणि १८ उंचीचा, क्षेत्रफळ ४३२. वजाबाकी ३३६. आणि सूत्राने: निम्मे ४८ गुणिले १४, म्हणजे ३३६. सूत्र इथेही चुकले नाही. आधी जिथे दोन उंचींची बेरीज होत होती, तिथे आता वजाबाकी होते आणि ती वजाबाकी म्हणजेच नवा उभा कर्ण. गणिताच्या पेपरात असा बाणासारखा पतंग क्वचित येतो, पण तो आठवणीत ठेवण्याजोगा आहे, कारण समभुज चौकोनाला हे रूप कधीच घेता येत नाही. त्याचे दोन्ही कर्ण नेहमी त्याच्या आतच असतात.

मग सूत्र बिघडते कुठे? दुभाजन नसले तर बिघडत नाही, हे आपण पाहिले. आडव्या काडीचे डावे-उजवे भाग २४-२४ नसून २० आणि २८ असले, तरीही बिघडत नाही. डावा त्रिकोण निम्मे ५० गुणिले २०, म्हणजे ५००. उजवा निम्मे ५० गुणिले २८, म्हणजे ७००. बेरीज पुन्हा १२००. तो चौकोन पतंग राहिला नाही, पण त्याचे क्षेत्रफळ तेच राहिले. सूत्राला खरी गरज एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे कर्णांमधला काटकोन. काडी तिरपी झाली की उंची कमी होते. याच दोन काड्यांमध्ये ९० ऐवजी ६० अंशांचा कोन झाला, तर क्षेत्रफळ १२०० वरून सुमारे १०३९ पर्यंत उतरते, कारण आता गुणाकाराला ६० अंशांच्या ज्याने, म्हणजे साधारण ०.८६६ ने गुणावे लागते.

काटकोन आहे की नाही, हे गुण्याशिवायही तपासता येते. आडव्या काडीचा मध्य उभ्या काडीवर असेल, तर वरच्या टोकापासून डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत दोरा लावून पाहायचा. दोन्ही अंतरे सारखी आली तर काटकोन नक्की. वेगळी आली तर ज्या बाजूचा दोरा आखूड, त्या बाजूचे टोक वर उचलले गेले आहे. कोणत्याही चौकोनासाठी चालेल अशी कसोटी हवी असेल, तर समोरासमोरच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करायची आणि उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेशी तुलना करायची. दोन्ही समान असतील तर कर्ण काटकोनात आहेत. पतंगात दोन्ही बेरजा ३० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग अशाच होतात, म्हणून पतंगाला ही कसोटी वेगळी लावावी लागत नाही.

संक्रांतीला उडवायचा आपल्याकडचा कागदी पतंग या हिशेबात पूर्ण बसत नाही, हेही सांगायला हवे. त्याची आडवी कामटी सरळ नसते. ती धनुष्यासारखी वाकवून बसवलेली असते. त्यामुळे कामटीची लांबी आणि तिच्या दोन टोकांमधले सरळ अंतर वेगळे असते. कर्ण म्हणून सरळ अंतरच घ्यायला हवे. कामटीची लांबी घेतली तर उत्तर वाढून येते. कामटीच्या कमानीमुळे वरच्या कडा सरळ राहिल्या नसतील, तर सरळ अंतर घेऊनही सूत्राचे उत्तर अंदाजापुरतेच राहते.

वह्यांमध्ये मात्र चुका वेगळ्या दिसतात. पहिली, लगतच्या दोन बाजूंचा गुणाकार करणे. गंमत म्हणजे आपल्या पतंगात ३० गुणिले ४० बरोबर १२०० च येतात, कारण ३०, ४०, ५० हा काटकोन त्रिकोण असून डावा आणि उजवा कोन ९० अंशांचा आहे. पण १० वर बांधलेल्या पतंगात २६ गुणिले ४६.६ म्हणजे १२०० पेक्षा जास्त येतात आणि उत्तर चुकते. दुसरी चूक, कर्ण दुभागतात असे धरून उभ्या कर्णाचे २५-२५ करणे. याने क्षेत्रफळ बरोबर येते, पण बाजू चुकतात: चारही ३४.७ येतात आणि विद्यार्थ्याने नकळत पतंगाऐवजी समभुज चौकोन सोडवलेला असतो. उत्तर जुळले म्हणून ही चूक पकडलीही जात नाही. बाजू किंवा परिमिती विचारली असेल तर छेदनबिंदू कुठे आहे, हे माहीत हवेच. फक्त क्षेत्रफळ विचारले असेल तर ते माहीत असण्याची गरज नाही.

म्हणून पतंगाचे गणित समोर आले की आधी पाहावे ते हे: दोन्ही कर्ण दिले आहेत का. दिले असतील तर क्षेत्रफळ एका ओळीत मिळते. एक कर्ण आणि बाजू दिल्या असतील तर दुसरा कर्ण पायथागोरसने दोन तुकड्यांत काढावा लागतो आणि ते तुकडे मिळवायचे की वजा करायचे, हे आकृती पाहून ठरवावे लागते. समभुज चौकोनात हा निर्णय करावाच लागत नाही, कारण तिथे दोन्ही तुकडे सारखे आणि नेहमी मिळवायचेच असतात. नुसत्या बाजू दिल्या असतील, तर चौकोन पतंग असो वा समभुज, आणखी एक माप मागितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.